‘राहिलो आहे’ की ‘राहतोय’?

चाकणच्या एखाद्या कंपनीत मुलाखत चालू आहे. समोरचा विचारतो, ‘हाउ लाँग हॅव यू लिव्ह्ड इन भोसरी?’ लातूर-नांदेडकडून डिप्लोमा करून आलेला मुलगा उत्तर देतो, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फोर इयर्स.’ समोरच्याला सगळं कळतं, मुलाखत पुढे सरकते. पण ह्या एका वाक्यात दोन भाषांचे काळ एकमेकांवर कसे आदळतात, ते नीट दिसतं. मुलानं मराठीतलं ‘मी इथे चार वर्षांपासून राहतोय’ जसंच्या तसं उचललंय. त्याचं मराठी अगदी बरोबर आहे. अडचण आहे ती शाळेत पाठ झालेल्या सूत्रात, आणि त्यातून झालेल्या गैरसमजांत.

ते सूत्र असं: ‘हॅव’ किंवा ‘हॅज’च्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की तो पूर्ण वर्तमानकाळ, आणि मराठीत त्याचं भाषांतर ‘-ला आहे’, ‘-ली आहे’, ‘-लं आहे’.

गैरसमज: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणजे ‘मी इथे दहा वर्षं राहिलो आहे’.

सूत्राप्रमाणे बरोबर, पण अर्थ बिघडला. ‘मी भोसरीत दहा वर्षं राहिलो आहे’ असं कोणी म्हणालं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस आता मोशीला किंवा तळेगावला गेलेला दिसतो. भोसरीची त्याला चांगली माहिती आहे, एवढंच तो सांगतोय. अजून भोसरीतच राहणारा माणूस असं बोलत नाही. तो म्हणतो, ‘मी दहा वर्षांपासून इथेच राहतो’ किंवा ‘राहतोय’. त्याहून सहज म्हणजे, ‘मला इथे येऊन दहा वर्षं झाली’. हे तिसरं वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात इंग्रजी वाक्यासमोर फारसं दिसत नाही, पण बोलण्यात सगळ्यांत जास्त तेच ऐकू येतं.

असं का होतं? इंग्रजीला इथे दोन टोकं दाखवायची असतात. गोष्ट मागे कधीतरी सुरू झाली आणि आतापर्यंत येऊन पोचली, असा पूर्ण पट्टा ती एका क्रियापदात धरते. मराठी क्रियापद एकच विचारतं: चालू आहे की संपलं? चालू असेल तर साधा किंवा अपूर्ण वर्तमानकाळ. सुरुवात कधी झाली, हे सांगायचं काम ‘पासून’ करतं. म्हणून हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासून पिंपरीत ‘आहे’. इंग्रजीत मात्र तो ‘हॅज बीन इन पिंपरी सिन्स नाइन्टीन फिफ्टी-फोर’. मराठीतला साधा ‘आहे’ इंग्रजीत ‘हॅज बीन’ होतो, आणि उलट दिशेनं जाताना ‘हॅज बीन’चा पुन्हा ‘आहे’च करायचा असतो. ‘असलेला आहे’ असं काही करायचं नसतं.

वेळ सांगणारे शब्द नसतील, तर मात्र सूत्र चालतं. ‘आय हॅव लिव्ह्ड इन भोसरी’ एवढंच म्हटलं, की आयुष्यात कधीतरी तिथे राहून झालंय. मराठीतही ‘मी भोसरीत राहिलोय’. ‘तुम्ही व्हीएमसीवर कधी काम केलंय का?’ हा प्रश्नही ‘हॅव यू एव्हर वर्क्ड ऑन अ व्हीएमसी?’ ह्याच्याशी तंतोतंत जुळतो. अनुभव सांगताना दोन्ही भाषा एकाच वाटेनं जातात. मुक्काम किंवा काम अजून चालू असेल, तर वाटा फुटतात.

मुलाखतीत खरा तोटा इथे होऊ शकतो, आणि तो ‘ॲम लिव्हिंग सिन्स’मुळे नाही. ते वाक्य परीक्षेत चूक ठरेल, पण भारतात ते इतकं रुळलंय की अर्थ कोणाचाही चुकत नाही. चुकतो तो ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ ह्या वाक्यात. अजून नोकरीवर असलेल्या माणसानं असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, ह्यानं नोकरी सोडली. मग नोटीस पिरिअडचा प्रश्नच निघत नाही, किंवा ‘सोडली का?’ असा भलताच प्रश्न येतो. सोडली नसेल, तर ‘हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ म्हणायला हवं.

जाता जाता ‘सिन्स’ आणि ‘फॉर’बद्दल. मराठी ‘पासून’ दोन्ही कामं करतं: २०१५ पासून, आणि तीन वर्षांपासूनही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स थ्री इयर्स’ जन्माला येतं ते ह्यातूनच.

गैरसमज: ही मराठी माध्यमाच्या मुलांची चूक आहे.

चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे, त्यामुळे ह्या पट्ट्यात जर्मन माणसांशी इंग्रजीत बोलायची वेळ अनेकांवर येते. कान देऊन ऐकलं तर लक्षात येतं की ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ असं जर्मन माणूसही म्हणून जातो. जर्मनमध्येसुद्धा ‘मी दोन वर्षांपासून इथे राहतो’ हे वर्तमानकाळातच सांगतात. फ्रेंचांचंही तसंच. चालू असलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगण्यात चमत्कारिक काही नाही. ह्या बाबतीत वेगळी चाल इंग्रजीची आहे.

जर्मन आणि मराठी माणसं इंग्रजीत आणखी एका जागी सारखीच चूक करतात. ‘काल ड्रॉइंग पाठवलंय’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. पाठवलं काल, पण ते आता तुमच्याकडे असायला हवं, असा त्यात सूर आहे. ह्याचंच मेलमध्ये ‘आय हॅव सेंट द ड्रॉइंग यस्टरडे’ होतं. इंग्रजीला ते चालत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘ॲट टू ओ’क्लॉक’ असा संपलेला वेळ नाव घेऊन सांगितला, की ‘हॅव’ जातं आणि साधा ‘सेंट’ उरतो. पिंपरी-चिंचवडची महापालिका १९८२ साली झाली आहे, हे मराठीत छापलं तरी कोणी अडणार नाही. इंग्रजीत ‘वॉज फॉर्म्ड’च लिहावं लागेल.

गैरसमज: मराठीत ‘-ला आहे’ दिसलं की इंग्रजीत ‘हॅव’ घालायचं.

‘ऑपरेटर झोपलाय’ ह्याचं ‘द ऑपरेटर हॅज स्लेप्ट’ केलं, तर त्याची झोप होऊन तो उठला असा अर्थ निघेल आणि बिचारा उगाच सुटेल. मराठीत झोपणं, बसणं, उभं राहणं ही क्रियापदं ‘-ला आहे’ घेऊन आताची स्थिती सांगतात. झोपलाय म्हणजे ‘इज स्लीपिंग’, बसलाय म्हणजे ‘इज सिटिंग’. भूक लागलीय हेही तसंच: ‘आय ॲम हंग्री’.

‘राहणे’ तर आणखी गमतीचं. त्याला वस्ती करणं आणि शिल्लक उरणं असे दोन्ही अर्थ आहेत. कॅन्टीनमध्ये कूपन वाटताना ‘मी राहिलोय’ असं कोणी ओरडलं, तर तो कुठे राहतो हे सांगत नसतो. त्याला कूपन मिळालेलं नसतं.

गेलेल्या माणसाचा हिशेब मराठी फार काटेकोर ठेवते. ‘साहेब चाकणला गेलेत’ म्हणजे अजून तिकडेच आहेत. ‘चाकणला जाऊन आलेत’ म्हणजे परत इथे आहेत. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅज गॉन टू’, दुसऱ्याला ‘हॅज बीन टू’. साहेब केबिनमध्ये बसलेले असताना फोनवर ‘ही हॅज गॉन टू चाकण’ सांगितलं, तर पलीकडचा माणूस फोन ठेवून देईल.

आता रात्रपाळी सुटताना पुढच्या पाळीला चार्ज देतानाची एक नोंद घेऊ. नोंद बनवलेली आहे, पण अशी वाक्यं कुठल्याही शॉपमध्ये मिळतील:

‘रात्री दोनला मशीन बंद पडलंय. बेअरिंग गेलंय. मेंटेनन्सवाले आले, बघून गेले. पार्ट मागवलाय, अजून आला नाही. तीन दिवसांपासून हे मशीन त्रास देतंय. चाळीस जॉब राहिलेत.’

हीच नोंद इंग्रजी मेलमध्ये न्यायची आहे. पहिल्या वाक्यात ‘पडलंय’ असलं तरी ‘रात्री दोनला’ म्हटलंय, म्हणून ‘द मशीन ब्रोक डाउन ॲट टू’. बेअरिंगला वेळ दिलेला नाही आणि ते आत्ताही निकामी आहे, म्हणून ‘द बेअरिंग हॅज फेल्ड’. मेंटेनन्सवाले येऊन गेले, गोष्ट संपली: ‘केम अँड चेक्ड’. पार्टचं मागवणं झालंय आणि त्याची वाट बघणं चालू आहे: ‘हॅज बीन ऑर्डर्ड’. ‘अजून आला नाही’ मराठीत साध्या भूतकाळासारखं दिसतं, तरी इंग्रजीत ते ‘हॅज नॉट कम येट’. ‘त्रास देतंय’ हा मराठी वर्तमानकाळ तीन दिवस मागे पसरलाय, म्हणून ‘हॅज बीन गिव्हिंग ट्रबल फॉर थ्री डेज’. शेवटच्या ‘राहिलेत’ला मात्र ‘हॅव’ अजिबात नको: ‘फॉर्टी पीसेस आर लेफ्ट’.

मराठीत ‘-ला आहे’चं रूप तीन ठिकाणी आलं आणि ‘राहिलेत’ चौथ्या ठिकाणी. त्यांतल्या दोनच ठिकाणी इंग्रजीत ‘हॅव’ टिकलं. उलट जिथे मराठीत ते रूप नाही, अशा दोन ठिकाणी ते नव्यानं आलं. रूपाला रूप जोडणाऱ्याची इथे पंचाईत होते. आधी गोष्ट संपली की चालू आहे हे पाहावं, मग वेळ सांगितलीय का ते पाहावं.

नकारात ह्याही रीतीला मुरड पडते. ‘ही हॅजन्ट कम टू वर्क फॉर टू डेज’ ह्यात न येणं अजून चालूच आहे. तरी मराठीत ‘तो दोन दिवसांपासून कामावर आलेला नाही’ हे सहज येतं. ‘येत नाही’ म्हटलं तरी चालतं, पण त्याला तक्रारीचा किंचित वास येतो. सुपरवायझरच्या तोंडी शोभेल, हजेरीच्या वहीत नाही. आणि ‘आय हॅवन्ट लिव्ह्ड हिअर लाँग’ ह्यात ‘राहणे’च सोडून द्यावं: ‘मला इथे येऊन फार दिवस झाले नाहीत’.