‘मागणी केल्यावर’ या दोन शब्दांचे मोल

ठरलेल्या मुदतीत घराचा ताबा न मिळालेला ग्राहक बिल्डरला पत्र लिहीत नाही असे नव्हे. तो अनेक पत्रे लिहितो. ‘आमच्या अडचणींचा सहानुभूतीने विचार करून ताबा लवकरात लवकर द्यावा, अन्यथा आमची रक्कम परत करावी’ अशी विनवणी त्यांत असते. पत्र सौजन्यपूर्ण असते. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. त्यात ‘अन्यथा’ आहे, आणि जेथे ‘अन्यथा’ आहे तेथे मागणी नाही.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १८ ने ग्राहकापुढे दोन मार्ग ठेवले आहेत. प्रकल्पात राहावयाचे असल्यास विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज ताबा मिळेपर्यंत घ्यावे. बाहेर पडावयाचे असल्यास भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत घ्यावी. या दुसऱ्या मार्गावर बिल्डरचे दायित्व ‘मागणी केल्यावर’ उत्पन्न होते. निवड ग्राहकाने करावयाची असते आणि ती पत्रात निःसंदिग्धपणे उतरावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘न्यूटेक प्रमोटर्स विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचा हा हक्क बिनशर्त ठरविला. अकल्पित घटना किंवा न्यायालयाची स्थगिती ही कारणे पुढे करून तो नाकारता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

तथापि विलंब मोजावयाचा कोणत्या तारखेपासून, याविषयी बराच घोटाळा होतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पपूर्तीची तारीख असते व तिला मुदतवाढ मिळू शकते. बिल्डर तीच वाढलेली तारीख दाखवून ‘अजून मुदत संपलेली नाही’ असे सांगतो. परंतु ती मुदत बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातील आहे. ग्राहकाला बांधणारी तारीख त्याच्या नोंदणीकृत करारनाम्यातील ताब्याच्या कलमात लिहिलेली असते. नोंदणीच्या वेळी बिल्डरने नवी तारीख दिली म्हणून मूळ करार नव्याने लिहिला जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मधील नीलकमल रिअल्टर्स प्रकरणाच्या निर्णयात स्पष्ट केले आहे. पत्र लिहिण्यापूर्वी करारनाम्यातील ते कलम शब्दशः वाचावे. युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारी आदेश यांसाठी वाढीव काळाची तरतूद तेथेच असते, आणि बिल्डरचे पहिले उत्तर बहुधा तिच्यावरच उभे असते.

दुसरा घोटाळा व्याजाचा. समजा, डोंबिवलीच्या एका शिक्षकाने बदलापूर येथे ४० लाख रुपयांचे घर ठरविले. १ एप्रिल २०२१ रोजी त्याने ४ लाख रुपये नोंदणीरक्कम भरली. करारनामा नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याची मनाई असल्याने बिल्डर तेथेच थांबला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी करारनामा नोंदला गेला आणि आणखी ६ लाख देण्यात आले. ताब्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. १ एप्रिल २०२५ उजाडला तरी इमारत अपुरीच होती, आणि त्याने परतावा मागण्याचे ठरविले.

या शिक्षकाला सामान्यतः असे वाटेल की, व्याज विलंबाच्या पंधरा महिन्यांचे मिळेल. वास्तविक परताव्याच्या मार्गावर ते, कायद्यातील ‘व्याज’ या शब्दाच्या व्याख्येनुसार, बिल्डरला रक्कम मिळाल्या दिवसापासून ती परत होईपर्यंत चालते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा २ टक्क्यांनी अधिक असतो. हिशेबाच्या सोयीसाठी तो ११ टक्के धरू व सरळव्याज काढू. ४ लाखांवर चार वर्षांचे १,७६,००० आणि ६ लाखांवर साडेतीन वर्षांचे २,३१,००० रुपये होतात. एकूण व्याज ४,०७,००० रुपये. पंधरा महिन्यांपुरतेच मागितले असते तर ते अवघे १,३७,५०० रुपये भरले असते. चुकीच्या तारखेमुळे शिक्षकाचे २,६९,५०० रुपयांचे नुकसान झाले असते. या तरतुदीमागील तर्क अर्थशास्त्राला धरूनच आहे. घर मिळाले नाही याचा अर्थ ग्राहकाने इतकी वर्षे बिल्डरला भांडवल पुरविले, आणि भांडवलाचा मोबदला ते हाती पडल्या दिवसापासूनच मोजावा लागतो.

असे असल्याने पत्र लांबलचक असण्याचे कारण नाही. सदनिकेचा क्रमांक, प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक, करारनाम्याचा दस्त क्रमांक व दिनांक आणि ताब्याची तारीख प्रथम द्यावी. त्याखाली प्रत्येक भरण्याची तारीख, रक्कम व पावती क्रमांक यांचा तक्ता असावा. मग एकच वाक्य पुरे: ‘ठरलेल्या तारखेस आपण ताबा दिलेला नसल्याने मी कलम १८ अन्वये या प्रकल्पातून बाहेर पडत असून, वरील सर्व रक्कम प्रत्येक भरण्याच्या दिनांकापासून विहित व्याजासह तीस दिवसांच्या आत परत करावी, अशी मागणी करीत आहे.’ तीस दिवसांची ही मुदत राज्याच्या नियमांतूनच आलेली आहे. घर दोघांच्या नावे असेल तर सह्या दोघांच्याही हव्यात. पत्र करारनाम्यातील पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने व त्याच दिवशी ई-मेलनेही पाठवावे. कार्यालयात हातोहात दिलेल्या पत्राच्या प्रतीवर शिक्का मिळाला नाही, तर ते दिलेच नाही असे समजावे.

खरा सापळा उत्तरात असतो. बिल्डरचे कार्यालय आपुलकीने एक छापील अर्ज पुढे करते आणि त्यात ‘वैयक्तिक अडचणीमुळे नोंदणी रद्द करीत आहे’ असे लिहिलेले असते. त्यावर सही होताच कसूर बिल्डरची न राहता ग्राहकाची होते. मग व्याज तर दूरच, मुद्दलातूनही कपात सुरू होते. ‘तुमची सदनिका विकली गेली की पैसे देऊ’ हे आश्वासनही त्याच जातीचे. पैसे हाती येण्यापूर्वी रद्दलेखावर सही करू नये. मात्र मुद्रांक शुल्काचे भान ठेवावे. ताबा घेण्यापूर्वी, करारनाम्यापासून पाच वर्षांच्या आत रद्दलेख नोंदला आणि नंतर सहा महिन्यांत अर्ज केला, तरच शुल्काचा परतावा मागता येतो. वरील शिक्षकासाठी ही मुदत सप्टेंबर २०२६ अखेर संपते. एवढ्यासाठी तरी पत्र लांबणीवर टाकता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र पदरात पडल्यावर बिल्डर ‘घर तयार आहे, घेऊन जा’ असे म्हणू लागतो व वाद चिघळतो, हेही लक्षात घ्यावे.

तीस दिवस उलटूनही पैसे न आल्यास महारेराकडे तक्रार करता येते, आणि तेथे हेच पत्र व त्याची पोचपावती मुख्य पुरावा ठरतात. आदेश मिळाल्यावरही बिल्डर बधला नाही तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. येथे मात्र कायद्याची मर्यादा दिसते. ज्याच्या नावे जप्त करण्याजोगी मालमत्ता उरलेली नाही, त्याच्याकडून आदेशाच्या बळावर पैसा निघत नाही. ज्या प्रकल्पाचे काम कित्येक महिने बंद आहे, तेथे मागणीचे पत्र आणखी एका दिवाळीची वाट पाहून लिहिणे म्हणजे वसुलीच्या रांगेत आपण होऊन मागे सरकणे होय.