इंग्रजी न कळता गेम जिंकता येतो का?

बीजीएमआय खेळणारा मुलगा घरी ऐकवतो, "यानं माझं इंग्रजी सुधारतं." त्याच्या बोलण्यात फारसा दम नाही. या खेळात शत्रू कुठे आहे ते नकाशा, खुणा आणि आवाज सांगतात, आणि सोबत्यांशी बोलणं बहुधा हिंदीत किंवा मराठीत चालतं. गेमच्या सेटिंगमध्ये अजिबात न येणारी भाषा लावून पाहा. तरीही पुढे जाता आलं, तर त्या गेममधून भाषा फारशी मिळणार नाही.

या कसोटीवर फार कमी गेम टिकतात. 2015 साली आलेला 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' हा त्यातला एक. गेमची एकच प्रत पुरते. एकाला पडद्यावर बॉम्ब दिसतो, दुसऱ्याच्या हातात फक्त छापलेली पुस्तिका असते. ती फुकट मिळते. एकमेकांचं पाहायचं नाही, नुसतं बोलायचं.

समजा बॉम्बवर वरून खाली निळी, लाल, निळी अशा तीन वायरी आहेत. पुस्तिकेतले नियम क्रमानं वाचायचे असतात. लाल वायर नसेल तर दुसरी कापा. इथे लाल आहे. शेवटची पांढरी असेल तर तीच कापा. इथे ती निळी. निळ्या एकाहून अधिक असतील तर त्यातली शेवटची कापा. म्हणजे तिसरी. व्याकरणाच्या तासाला रटाळ वाटणारी 'जर-तर'ची वाक्यं इथे घड्याळ चालू असताना मोठ्यानं बोलावी लागतात. चूक झाली की घड्याळ वेगानं पळू लागतं. पुढे एका कोड्यात तर उच्चार सारखे आणि स्पेलिंग वेगळं असे शब्द येतात, तेव्हा अक्षर अक्षर सांगण्यावाचून गत्यंतर नाही.

अडचण ठरलेली: दोघंही मराठी असले की घाईत "अरे ती नाही, ती वरची!" सुरू होतं. त्यावर उपाय म्हणजे पुस्तिकेवाल्यानं इंग्रजीत सांगितलेलंच ऐकायचं, आणि कापण्याआधी सूचना परत म्हणून घ्यायची. शब्दसंग्रह मात्र मर्यादितच राहतो: रंग, क्रम, जागा. बाजारात किंवा मुलाखतीत लागणारं इंग्रजी इथे नाही.

ऐकण्यासाठी मला तपासकथेचे गेम जास्त भावतात. सॅम बार्लोच्या 'हर स्टोरी'मध्ये एका ब्रिटिश बाईची 1994 सालची पोलिस चौकशी तुकड्यातुकड्यांनी पाहायची असते. तुम्ही शब्द टाइप करायचा. तो ज्या तुकड्यांत ती बोलली आहे, त्यांतले पहिले पाचच दिसतात. त्यामुळे नेमका शब्द शोधण्यासाठी ती काय म्हणाली ते कान देऊन ऐकावंच लागतं. प्रत्येक तुकडा आधी सबटायटल बंद ठेवून ऐका, शब्द वहीत लिहा, मग सबटायटल लावून ताडून पाहा. तुकडे बहुतेक छोटे असल्यानं पुन्हा ऐकण्याचा कंटाळा येत नाही.