तेल चमचाभर, ठोकणे सहा तास

नवी लेदर बॉलची बॅट घरी आली की आधी तेलाची बाटली निघते. दुकानदाराने दोन गोष्टी सांगितलेल्या असतात: तेल लाव आणि ठोकून घे. तेल लावणे पाच मिनिटांचे काम, म्हणून ते हौसेने, एकदा सोडून चारदा होते. ठोकण्याला मात्र तास लागतात, हात दुखतो, शेजारी वैतागतात. दोन संध्याकाळी टकटक झाली की मोगरी कोपऱ्यात पडते. मग पहिल्याच सामन्यात नवा बॉल कडेला लागतो आणि नखाएवढी ढलपी उडते. घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला: तेल कमी पडले. खरे तर तेलाने बॅट मजबूत होत नाही. तेल फक्त लाकडातला ओलावा जागेवर ठेवते. बॉलचा मार सोसण्याची ताकद येते ती ठोकण्यातूनच.

याचे कारण विलोच्या लाकडात आहे. विलो हलका आणि मऊ असतो, तासल्यावर नखाने ओरखडा उठेल इतका. मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत इंग्लंडहून आलेला विलो असो की काश्मीरचा, बॅट घडवताना तिचा दर्शनी भाग जड रुळाखालून दाबून काढतात. या दाबाने वरच्या थरातले तंतू एकमेकांत चेपले जातात आणि पृष्ठभाग घट्ट होतो. पण रूळ सपाट असतो. तो बॅटच्या मधल्या पट्ट्यावर नीट बसतो. दोन्ही कडांच्या गोलाईवर आणि खालच्या टोकाशी, ज्याला मैदानावर ‘टो’ म्हणतात, तिथे तो पोहोचत नाही. म्हणजे बॅट दुकानातून येते तेव्हा मधोमध तयार आणि कडांना कच्ची असते. त्यातच हल्ली जाड कडांची आवड आहे. नियमाप्रमाणे कड ४० मिलिमीटरपर्यंत जाड असू शकते. एवढी जाड कड ठेवून बॅट हलकी हवी असेल, तर लाकूड अनेकदा जास्त वाळवलेले आणि कमी दाबलेले असते. फटका मस्त बसतो, पण अशी बॅट लवकर चिरते.

आता तेल. तेल जवसाचे, म्हणजेच अळशीचे, कच्चे हवे. रंगाच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ तेल नको. ते फर्निचर आणि रंगकामासाठी लवकर सुकेल असे केलेले असते. खोबरेल किंवा मोहरीचे तेलही चालत नाही. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूने हळूहळू सुकून पातळ पापुद्र्यासारखे होते, तर खोबरेल लाकडात तसेच ओलेपणाने राहते.

किती लावायचे, हे घरातल्या वजनकाट्यावर उत्तम कळते. समजा बॅट दोन पौंड नऊ औंसांची आहे. काट्यावर ती साधारण १,१६० ग्रॅम भरेल. चहाचा एक चमचा तेल म्हणजे पाच मिलिलिटर, जेमतेम साडेचार ग्रॅम. ते फडक्याने दर्शनी बाजू, कडा आणि टो यांवर पसरायचे आणि बॅट दर्शनी बाजू वर करून रात्रभर आडवी ठेवायची. उभी ठेवली की तेल टोकडे उतरते आणि तिथलाच भाग तेलकट होतो. दुसऱ्या दिवशी वर राहिलेले तेल पुसायचे आणि तसाच, पण अर्ध्या चमच्याचा, दुसरा हात द्यायचा. नव्या बॅटला एवढे पुरते. लाकूड पिते आहे म्हणून पाजत राहिले आणि ४० मिलिलिटर मुरवले, तर वजन ३५ ग्रॅमहून जास्त वाढते. म्हणजे ज्या एका औंसासाठी दुकानात पाच बॅटी हातात तोलून पाहिल्या, तो औंस घरी परत चढला. शिवाय तेलाने भिजलेले लाकूड मऊ पडते, बॉलला उसळी देत नाही आणि आवाज बद्द येतो. एकदा आत मुरलेले तेल बाहेर काढता येत नाही.

दोन जागा तेलापासून दूर ठेवायच्या. एक म्हणजे मूठ आणि पाते जिथे पाचरीसारखे जोडलेले असते तो सांधा. तिथे सरसासारखा चिकट पदार्थ असतो. तेल शिरले तर जोड सैल होऊ शकतो. दुसरी जागा स्टिकरची. बॅटवर कारखान्यातूनच पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असेल, तर त्यावर तेल लावून उपयोग नाही, ते आत जातच नाही. तेव्हा फक्त उघड्या कडा, टो आणि रोगण नसलेली मागची बाजू यांनाच हात फिरवावा. तेलाचे फडके मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडून ते पेटू शकते. फडके पसरून वाळवावे आणि मगच टाकावे.

दुसरा हात सुकला की मोगरी उचलायची. क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळणारी गोल डोक्याची लाकडी मोगरी घ्यावी. नसेल तर मोज्यात बांधलेला जुना लेदर बॉल चालतो. लोखंडी हातोडीने तंतू चेपत नाहीत, तुटतात. बॅट मांडीवर किंवा घडी घातलेल्या चादरीवर धरून मधल्या पट्ट्यापासून सुरुवात करायची. पहिली पंधरा-वीस मिनिटे दाराची कडी वाजवावी इतक्याच जोराने, एकाच जागी नाही तर वरून खाली ओळीने. नंतर जोर हळूहळू वाढवायचा. वाटीसारखा खळगा पडला, तर जोर घाईने वाढला असे समजावे. पृष्ठभाग सारखा बसत गेला पाहिजे.

खरे काम कडांचे. मोगरी कडेवर काटकोनात आदळू नये. दर्शनी बाजू आणि कड जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर ती साधारण ४५ अंशांत घसटत मारायची. सुरुवातीला तो कोपरा अंगठ्याला धारदार लागतो; चार-पाच दिवसांत तो गोलसर होतो. हीच गोलाई पुढे कामाला येते, कारण निसटता बॉल टोकदार कोपऱ्यावर आदळला की ढलपी निघते आणि दाबलेल्या गोल कडेवरून तो सरकून जातो. टोकडे दर्शनी बाजूने, टोकापासून दोन-तीन बोटे वर ठोकत यावे आणि शेवटी त्याचाही कोपरा गोल करावा. टोच्या तळाला मात्र सरळ मारायचे नाही. तिथे तंतूंची टोके उघडी असतात. त्यांवर वरून घाव बसला की ते उभे फाटतात. मागच्या बाजूलाही मोगरी लावायची नाही, कारण ती बॉलसाठी दाबलेलीच नसते.

रोज वीस मिनिटे धरली तर सहा तास व्हायला अठरा दिवस लागतात. ‘प्री-नॉक्ड’ म्हणून विकलेली बॅटही कडा आणि टोसाठी एक-दोन तास मागतेच. मात्र घड्याळापेक्षा बॅटकडे पाहावे. आवाज मऊ आणि बसका असेल तर काम बाकी आहे. तो टणक आणि मोकळा झाला की शेवट जवळ आला. मग जुना लेदर बॉल हातात घेऊन बॅटवर जोरात आपटून पाहायचा. शिवणीचा ठसा खोल उमटला तर आणखी दोन-तीन दिवस ठोकावे. ठसा पुसट आला की जुन्या बॉलवर हलके थ्रोडाऊन, मग नेटमध्ये जुना बॉल आणि सर्वांत शेवटी नवा. टेनिस बॉलच्या बॅटीला यातले काही लागत नाही. तो बॉल विलोचा तंतू फोडू शकत नाही.

एवढे करूनही टो फुटतो तो बहुधा पाण्याने. १९४८ साली सुरू झालेली मुंबईची कांगा लीग पावसाळ्यातल्या ओल्या खेळपट्ट्यांसाठीच ओळखली जाते, आणि फलंदाज प्रत्येक चेंडूआधी बॅट जमिनीवर टेकवतोच. तळाची उघडी टोके ओल शोषून घेतात, टो फुगतो आणि मग यॉर्कर आला की बॉल आणि जमीन यांच्यामध्ये तो चिमटला जातो. म्हणून टोला रबरी टो-गार्ड चिकटवतात. त्याची कडा उचलली तर पाणी आत कोंडते, तेव्हा ती अधूनमधून पाहावी. सामन्यानंतर बॅट पुसून, टो वर करून, वारा लागेल अशा सावलीत ठेवावी. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवली तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि मधून चीर जाते.

हाच नियम ठेवण्याच्या जागेलाही लागू आहे. बॅटच्या लाकडात साधारण दहा-बारा टक्के ओलावा असतो. तो फार बदलला की लाकूड हलते. घामेजलेले ग्लोव्हज आणि पॅड असलेल्या किटबॅगमध्ये बॅट आठवडाभर पडली की टो ओल धरतो. उलट नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ती उकडून निघते. ओलसर भिंतीपासून दूर, पलंगाखाली किंवा कपाटात, कापडी पिशवीत आडवी ठेवलेली बॅट सुखात असते. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. हंगाम संपल्यावर कडा आणि टो कोरडे, पांढुरके दिसले तर बारीक पॉलिश पेपर फिरवून अर्धा चमचा तेलाचा हात द्यावा. लाकूड कोरडे दिसत नसेल तर तोही नको.

चिरा येणारच, फक्त त्या ओळखता आल्या पाहिजेत. दर्शनी बाजूवर रेषांच्या दिशेने उमटणाऱ्या केसाएवढ्या चिरा मऊ लाकडाला येतातच. त्यांवर प्लास्टिकचा कागद किंवा फायबर टेप लावून खेळ चालू राहतो. कडेची ढलपी पॉलिश पेपरने साफ करून, सरस भरून टेपने बांधता येते. पण टो बोटाला फुगीर लागला, तळातून उभी चीर वर चढू लागली, फटक्याला मुठीपाशी कुरकुर आली किंवा पात्यावर रेषांना आडवी चीर दिसली, तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. त्याच दिवशी खेळ थांबवून बॅट दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी. फुगीर टो आणि सैल सांधा वेळेत हाती आले तर कारागीर ते सावरू शकतो. आडवी चीर गेलेल्या पात्याला मात्र बहुतेक वेळा नवे पातेच लागते.