पुस्तकाची किंमत ठरते मुखपृष्ठावरच्या सालाने

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने सीनियरकडून पुस्तक घेताना आधी मुखपृष्ठावरचा पॅटर्न बघावा. विद्यापीठ दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलते: आधी २०१५ पॅटर्न होता, मग २०१९ आला, आता २०२४. नवा पॅटर्न दरवर्षी एकेक इयत्ता वर सरकतो. म्हणजे पहिल्या वर्षाचे जुने पुस्तक आधी निरुपयोगी होते, शेवटच्या वर्षाचे आणखी काही वर्षे चालते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम छापलेल्या पुस्तकांना हा फटका पुरता बसतो. ग्रेवालांचे गणित किंवा तसे मोठे संदर्भग्रंथ मात्र पॅटर्न बदलला तरी टिकतात. जुनी आवृत्ती असली तरी अडत नाही, फक्त उदाहरणांचे क्रमांक जुळत नाहीत.

समजा, एका सेमिस्टरची पाच पुस्तके प्रत्येकी तीनशेची, म्हणजे पंधराशेची झाली. सीनियरने ती साडेसातशेला दिली, ज्युनियरने वापरून पुढच्याला साडेचारशेला विकली, तर ज्युनियरला सेमिस्टर तीनशेत पडले. मधेच पॅटर्न बदलला तर ते साडेचारशे बुडाले. त्यामुळे पॅटर्नचे शेवटचे वर्ष असेल तर निम्मी किंमत देऊच नये. तेव्हा गिऱ्हाईक उरते ते बॅकलॉगवाल्यांचे. त्यांना जुनेच पुस्तक हवे असते आणि दुकानात ते सहज मिळत नाही.

अप्पा बळवंत चौकातले दुकानदार जुनी पुस्तके घेतात, पण त्यांना त्यावर पुन्हा विकायचे असते, त्यामुळे हातात थेट विक्रीपेक्षा कमीच पडते. तरी मुले तिकडे जातात, कारण होस्टेलची खोली रिकामी करायची असते. तिघांच्या खोलीत कॉटखाली ट्रंका असतात, पुस्तके ठेवणार कुठे? शेवटच्या पेपरनंतर दोन दिवसांत घरची गाडी धरायची, मग उरलेला गठ्ठा किलोच्या भावाने रद्दीत.

खरे तर दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांना साठवणूक लागतच नाही. ती घेणारा पहिल्या वर्षाचा मुलगा त्याच आवारात, बहुधा त्याच मेसमध्ये असतो. पेपर संपण्याआधीच यादी फिरवायची: विषय, पॅटर्न, प्रकाशन, किंमत, खोली क्रमांक. शेवटचा पेपर झाला की पुस्तक हातोहात पुढे जाते. अडते फक्त पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचे, कारण घेणारा अजून प्रवेशाच्या रांगेत असतो. तेवढ्यांसाठी रेक्टरांकडून स्टोअररूममधला एक कोपरा मागून घ्यावा, आणि गावातच राहणाऱ्या एखाद्या मुलाकडे हिशेबाची वही द्यावी.

नोट्सचे गणित वेगळे. वहीवर शिकवणाऱ्या सरांचे नाव आणि युनिट क्रमांक नसेल तर ती वही दुसऱ्याला फारशी उपयोगाची नाही. शिवाय मूळ वही कधी देऊ नये. परत येते तेव्हा त्यातली आकृत्यांची पाने गळालेली असतात. झेरॉक्स द्यावी, आणि पैसे घ्यायचेच तर फक्त झेरॉक्सचे.