डॅशबोर्ड कुणाच्या नावाने उघडतो?

नीती आयोगाने जानेवारी २०१८मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली, वाशिम यांच्यासोबत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव होता. या कार्यक्रमात जिल्ह्यांची प्रगती पोषण, शिक्षण, शेती यांच्या निर्देशांकांवर मोजली जाते. असे आकडे आले की डॅशबोर्ड आलेच. पण डॅशबोर्ड शेअर करताना दोन वेगळ्या परवानग्या दिल्या जातात, आणि त्यातली दुसरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

उदाहरणादाखल धाराशिवसारख्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यातली कुपोषित बालकांची यादी घेऊ. गूगल शीटमध्ये प्रत्येक बालकाची एक ओळ आहे: नाव, गाव, तालुका, वजन, आईचा मोबाइल. त्यावर लुकर स्टुडिओत तालुकावार आलेख केला. आता `Share` दाबून कुणाला `Viewer` करायचे आणि कुणाला `Editor`, हे आपण ठरवतो. `Viewer` आलेख फक्त पाहतो, `Editor` तो बदलू शकतो. ही झाली पहिली परवानगी.

दुसरी परवानगी आलेखाला माहिती पुरवणाऱ्या स्रोतावर लावलेली असते. `Resource` मधून `Manage added data sources` उघडून स्रोताच्या `Edit` मध्ये गेले की वर `Data credentials` दिसते. तिथे `Owner's credentials` असेल, तर परंड्याहून कुणीही आलेख उघडला तरी शीटकडून माहिती मागितली जाते ती मालकाच्या नावाने. पाहणाऱ्याला मूळ शीट उघडण्याची परवानगी नसली तरी आलेख दिसतो. `Viewer's credentials` असेल, तर प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्याने माहिती मागितली जाते आणि परवानगी नसेल तर आलेखाच्या जागी चूक दाखवली जाते.

यातला दुसरा पर्याय साहजिकच जास्त सुरक्षित वाटतो. डेटाबेसमध्ये ओळीनुसार परवानग्या लावलेल्या असतील, तर तो खरोखर तसा आहेही. पण गूगल शीटला ओळीनुसार परवानगीच नसते. म्हणजे भूमच्या अधिकाऱ्याला आलेख दिसावा म्हणून अख्खी शीट त्याच्याशी शेअर करावी लागते, आणि मग आठही तालुक्यांतल्या आयांचे मोबाइल नंबर त्याच्यासमोर उघडे होतात. टॅब लपवून काही साधत नाही.

मालकाच्या नावाने चालणाऱ्या आलेखातही धोका आहे, फक्त तो `Editor` कडे असतो. आलेखावर फक्त तालुक्याची बेरीज असली, तरी स्रोतात नाव आणि मोबाइलचे रकाने असतात. `Editor` नवा तक्ता टाकून ते रकाने त्यात ओढू शकतो. त्याला शीट कधीच दिलेली नसली तरी. पानावर न दाखवलेली माहिती सुरक्षित आहे, असे समजणे इथे चुकते. म्हणून जिल्ह्याच्या आलेखासाठी वेगळी शीट करावी, तिच्यात आठ तालुक्यांच्या आठ बेरजाच असाव्यात आणि तीच स्रोत म्हणून जोडावी. जे स्रोतात नाही ते कुठल्याच परवानगीने बाहेर येत नाही.

प्रत्येक तालुक्याला आपल्याच बालकांच्या ओळी दिसाव्यात असे हवे असेल, तर शीटमध्ये त्या-त्या प्रकल्प अधिकाऱ्याच्या ईमेलचा रकाना ठेवून स्रोतावर `Filter by email` लावता येते. लॉग-इन केलेल्या खात्याशी जुळणाऱ्या ओळीच मग दिसतात. मात्र स्रोत आलेखाच्या आतच बनवलेला असेल, तर आलेखाच्या `Editor` ला स्रोतही बदलता येतो आणि ही गाळणी काढता येते. स्रोत स्वतंत्र बनवावा आणि कुणालाही त्याचा संपादन अधिकार देऊ नये. पॉवर बीआयमध्येही ओळींवरचे निर्बंध वर्कस्पेसमधल्या फक्त पाहणाऱ्यांना लागू होतात, बदल करणाऱ्यांना नाही.

उरला प्रश्न बदल्यांचा. आलेख कंत्राटी ऑपरेटरच्या खाजगी खात्यावर बनवला आणि कंत्राट संपल्यावर शीटवरची त्याची परवानगी काढली, की आठही तालुक्यांचे आलेख एकाच दिवशी बंद पडतात. स्रोताची मालकी दुसऱ्याच्या नावे केली तरी जुनेच क्रेडेन्शियल चालू राहते; नव्या माणसाला ते स्वतःच्या खात्याने पुन्हा जोडावे लागते. बिघाड कुठला हे ओळखणे सोपे आहे: सगळ्यांचा आलेख बंद असेल तर मालकाचे खाते तपासा, एकाचाच बंद असेल तर त्याची स्वतःची परवानगी.

शेअर केल्यावर आपल्याच खात्यातून आलेख नीट दिसतो म्हणून थांबू नका, कारण मालकाला सगळेच दिसते. ज्याला मूळ शीटची परवानगी नाही अशा एका खात्याला आधी `Viewer`, मग `Editor` करून आलेख उघडा, आणि एकाही बालकाचे नाव तिथे काढता येत नाही याची खात्री झाल्यावरच दुवा तालुक्यांना पाठवा.