तिरक्या फोटोतून सरळ स्क्रीन

विंडोज १०चा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून गोठला की स्क्रीनशॉट घ्यायची सोय उरत नाही. कीबोर्ड दाद देत नाही आणि थोड्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्टही होतं. दुरुस्तीवाला फोनवरून सांगतो, ‘फोटो काढून पाठवा.’ आपण मोबाइल काढतो, घाईत क्लिक करतो. फोटोत निळ्या पडद्याबरोबर मॉनिटरची काळी चौकट, टेबल, चहाचा कप, वायरींचा गुंता आणि मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी असं सगळंच येतं. शिवाय पडदा तिरका.

हा तिरकेपणा मात्र चुकीचा नाही. अगदी समोर उभं राहिलं तर काचेत फोटो काढणाऱ्याचंच प्रतिबिंब पडतं, आणि डोक्यावरची ट्यूबलाइटही बहुधा असते. बाजूला सरकून काढलेला फोटो वाचायला बरा. फक्त त्यात आयताचा चौकोन होतो: जवळची बाजू उंच, लांबची बुटकी.

एक उदाहरण घेऊ. मोबाइलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद, ३००० उंच आहे. मॉनिटरच्या डावीकडून तो काढलाय. पडद्याची डावी कड फोटोत साधारण १९०० पिक्सेल उंच दिसते, तर उजवी १५००. आता साध्या क्रॉपने हे कापायला जा. आयत पूर्ण पडदा मावेल इतका मोठा घेतला, तर उजवीकडे वर-खाली चौकटीच्या आणि टेबलाच्या पाचरी राहतात. चौकट अजिबात नको म्हणून आयत लहान केला, तर डावीकडचा मजकूर जातो. सुवर्णमध्य नाहीच.

म्हणून पर्स्पेक्टिव्ह क्रॉप. फोटोशॉपमध्ये हे वेगळं टूल म्हणून २०१२च्या CS6 आवृत्तीपासून आहे. क्रॉप टूलवर बोट दाबून धरलं की खालून `Perspective Crop Tool` निघतं. पडद्याच्या चार कोपऱ्यांवर एकामागून एक क्लिक करायचं आणि एंटर दाबायचं. त्या चार बिंदूंमधला तिरका चौकोन प्रोग्राम ताणून आयत करतो, बाहेरचं सगळं टाकून देतो. चारच बिंदू का, याला गणिती कारण आहे. सपाट आयत तिरका दिसताना काय बदल झाला, हे सांगणाऱ्या सूत्रात आठ अज्ञात संख्या असतात. प्रत्येक कोपरा आडवं आणि उभं अशी दोन मापं देतो. चार कोपऱ्यांत हिशेब पुरा होतो. तीन बिंदू कमी पडतात आणि पाचव्याची गरज नसते.

कोपरा म्हणजे नेमका कुठला, इथे बरेचजण घसरतात. चौकटीचा बाहेरचा कोपरा ठळक दिसतो, हात आपोआप तिथे जातो. पण आपल्याला हवा आहे तो उजेड पडलेल्या भागाचा, निळा रंग जिथे संपतो तो कोपरा. चकचकीत चौकटीत निळ्याचं प्रतिबिंबही दिसतं, त्यामुळे फोटो दुपटीने मोठा करून पाहिल्याशिवाय बिंदू टेकवू नये. जुन्या मॉनिटरांची चौकट काचेपेक्षा थोडी उंचही असते, म्हणजे ती पडद्याच्या पातळीत नसतेच. बाजूने पाहिलं की जवळची कड पडद्याची बारीक पट्टी झाकून टाकते. २४ इंची, १९२० पिक्सेल रुंदीच्या मॉनिटरवर ३ मिलिमीटर उंच कड आणि ३० अंशांचा तिरकेपणा असेल, तर पाच-सहा पिक्सेल गायब होतात. ते कुठलंही टूल परत आणत नाही. बुवा, थोडे कमी तिरके उभे राहा, इतकाच त्यावर इलाज. काळा पडदा असेल, उदाहरणार्थ BIOSचा, तर कडच सापडत नाही. तेव्हा फोटोचा उजेड तात्पुरता वाढवून पाहावं. एलसीडीचा काळा रंग पूर्ण काळा नसतो, मागच्या दिव्याची राखाडी झाक चौकटीपासून वेगळी दिसते.

चारही बिंदू अचूक बसले तरी एक गोष्ट राहतेच. आपल्या फोटोत पडद्याची रुंदी सुमारे २७०० पिक्सेल आहे आणि सरासरी उंची १७००. म्हणजे गुणोत्तर १.५९. खरा पडदा १६:९ चा, म्हणजे १.७८. बाजूने पाहिल्यामुळे रुंदी आक्रसली आहे. रुंदी-उंचीची खाणी रिकामी सोडली तर प्रोग्राम अंदाजाने काम करतो आणि आयत काटकोनात येऊनही अक्षरं दडपलेली राहू शकतात. वरच्या पट्टीत `W` मध्ये `1920 px` आणि `H` मध्ये `1080 px` लिहिलं की प्रश्न मिटला. मॉनिटर १३६६ × ७६८चा असेल तर ते आकडे. बरोबर आलं की नाही हे ओळखायला निळ्या पडद्यावर आयती मोजपट्टी आहे: त्याच्या तळाशी असलेला क्यूआर कोड. तो चौरसच हवा. आडवा किंवा उभा लांबट दिसला, तर आकडे चुकले.

फुकटातल्या GIMPमध्ये वाट थोडी वेगळी. तिथल्या `Perspective` टूलला `Corrective (Backward)` या दिशेवर ठेवायचं, `Clipping` मध्ये `Clip` निवडायचं आणि जाळीचे कोपरे पडद्याच्या कोपऱ्यांवर ओढायचे. इथे पडदा ताणून फोटोच्या मूळ आकारात, म्हणजे ४:३मध्ये बसवला जातो. अक्षरं उंच, बारकी दिसतात आणि लोक घाबरून `Undo` मारतात. घाबरायचं काही नाही. `Scale Image` मध्ये रुंदी-उंचीमधली साखळी तोडून १९२० आणि १०८० भरायचं. मोबाइलवरच्या कागद स्कॅन करणाऱ्या अॅपलाही हे जमतं, पण ते बहुतेक वेळा चौकटीची बाहेरची कड पकडतं. कोपरे हाताने आत ओढावे लागतात.

या सूत्राची एक अट आहे: सरळ रेषा फोटोतही सरळच असली पाहिजे. मोबाइल पडद्याला टेकवून वाइड लेन्सने फोटो काढला तर कडा पिंपासारख्या फुगतात. मग चारही कोपरे बरोबर असूनही वरच्या कडेच्या मध्यावर चौकटीची काळी कोर डोकावते किंवा पडद्याचा थोडा भाग कापला जातो. वक्राकार मॉनिटरचंही तेच. दोन पावलं मागे जाऊन २x झूमने काढलेला फोटो यात फार सुधारतो. फार मागेही नको. आपल्या उदाहरणात पडद्याच्या १०८० ओळींसाठी लांबच्या बाजूलाही १५०० पिक्सेल आहेत, म्हणून अक्षर वाचता येतं. खोलीच्या दारातून काढलेल्या फोटोत पडदा ९०० पिक्सेलच असेल, तर `W` मध्ये १९२० लिहून फक्त मोठा धूसरपणा मिळतो. इंद्रधनुषी लाटा दिसत असतील तर त्याही क्रॉपने जात नाहीत. त्या पडद्याची आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकांवर पडून तयार होतात. अंतर किंचित बदलून दुसरा फोटो काढणं सोपं.

राहिली ती पासवर्डची चिठ्ठी. मोबाइलच्या गॅलरीत केलेला क्रॉप बऱ्याचदा मूळ फोटो राखून ठेवतो, एका बटणाने टेबल परत येतं. २०२३ मध्ये तर पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलमध्ये असा दोष सापडला, की कापलेला भाग पाठवलेल्या फाइलमध्येच उरत होता आणि काही अंशी परत काढता येत होता. तेव्हा सरळ केलेला पडदा नव्या PNG फाइलमध्ये एक्सपोर्ट करावा आणि तीच फाइल पाठवावी. PNGमध्ये `CRITICAL_PROCESS_DIED` सारख्या बारीक अक्षरांभोवती JPEGची मळकट किनार वाढत नाही, आणि दुरुस्तीवाल्याला पहिल्यांदा हवी असते ती तीच ओळ.