परवा म्हणजे नेमका कोणता वार?

श्रोतेहो, आम्ही गणिताचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले. तरी आज वारांच्या कोड्यांवर बोलावयाचे ठरविले, याचे कारण असे एक कोडे आम्हांला एकदा फार महाग पडले.

काही वर्षांपूर्वी तळोज्याच्या एका कारखान्यात पगारवाढीच्या मसुद्यावर मत घ्यावयाचे होते. मंगळवारी संध्याकाळी आम्ही दुसऱ्या पाळीच्या लोकांना सांगितले, "परवा पाच वाजता गेटसभा." आमच्या मनात गुरुवार होता. हा निरोप रात्री तिसऱ्या पाळीला पोचला आणि तिने बुधवारी सकाळी पहिल्या पाळीला दिला, तोही त्याच शब्दांत: "परवा पाच वाजता गेटसभा." पहिल्या पाळीने बुधवारपासून मोजले आणि शुक्रवार धरला. गुरुवारी निम्मी माणसे आली. शुक्रवारी उरलेली आली, तेव्हा गेटवर कोणी नव्हते. "आम्हांला मताला मुद्दाम बोलावले नाही," असे ती म्हणू लागली. तो संशय निवळायला पुढे कितीतरी महिने गेले. चूक कोणाच्या वाईट हेतूची नव्हती. आम्ही वाराचे नाव घेतले नाही, एवढीच ती होती.

काल, आज, उद्या, परवा हे शब्द बोलणाऱ्याबरोबर चालतात. सोमवार मात्र जागचा हलत नाही. मंगळवारचा 'परवा' बुधवारी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने 'कालचा परवा' असतो, आणि कालचा परवा म्हणजे उद्या. कोडे घालणारा हेच करतो. चालते शब्द एकापुढे एक जोडतो, शेवटी एका स्थिर वाराचे नाव सांगतो आणि विचारतो, आज कोणता वार?

सोडविण्याची रीत सोपी आहे. आजच्या दिवसाला शून्य म्हणावे. उद्या म्हणजे एक पाऊल पुढे, काल म्हणजे एक मागे. येता परवा दोन पावले पुढे, गेलेला परवा दोन मागे. तेरवा तीन पावलांवर. वाक्यातील पावले क्रमाने टाकावी आणि शेवटी शून्यापासून कोठे उभे राहिलो ते पाहावे.

एक उदाहरण घेऊ. "गेल्या परवाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तर येत्या परवानंतर तीन दिवसांनी कोणता वार येईल?" गेला परवा म्हणजे दोन पावले मागे. त्याचा दुसरा दिवस म्हणजे तेथून एक पुढे. आपण शून्याच्या एक पाऊल मागे, म्हणजे कालवर उभे आहोत. काल रविवार होता, म्हणून आज सोमवार. आता येता परवा दोन पुढे आणि त्यानंतर तीन, मिळून पाच. सोमवारपासून पाच पावले मोजली की शनिवार येतो. हेच उत्तर.

येथे पुष्कळांचे पाऊल चुकते ते एकाच जागी. हिशेब 'एक मागे' असा आला की ते रविवारच्या मागे जातात आणि आज शनिवार आहे असे समजतात. पण रविवार हा स्वतःच मागे आहे. त्याच्यापासून आजकडे यावयाचे तर पुढे यावे लागते. उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी मिळालेला वार घेऊन कोड्याचे वाक्य पुन्हा वाचावे. आज शनिवार धरला तर गेला परवा गुरुवार येतो आणि त्याचा दुसरा दिवस शुक्रवार. कोडे तर रविवार म्हणते. चूक तिथेच सापडते.

आता आपल्या भाषेची एक गंमत पाहू. मराठीत काल आणि उद्या हे शब्द वेगळे आहेत. हिंदीत दोहोंसाठी 'कल' हा एकच शब्द आहे, म्हणून उत्तरेकडच्या कामगाराशी बोलताना आपण सावध असतो. परंतु 'परवा' आपलाही दुतोंडीच आहे, आणि तेरवाही तसाच. "परवा आलो" आणि "परवा येईन" यांतला फरक केवळ क्रियापद सांगते.

तेव्हा हे कोडे घ्या: "उद्याच्या परवा गुरुवार असला, तर आज कोणता वार?" उद्या म्हणजे एक पुढे. परवा पुढचा धरला तर एकूण तीन पुढे, आणि तो दिवस गुरुवार, म्हणून आज सोमवार. परवा मागचा धरला तर उद्यापासून दोन मागे, म्हणजे काल. काल गुरुवार, म्हणून आज शुक्रवार. दोन्ही उत्तरे खरी आहेत. 'असला' ऐवजी 'असेल' लिहिले असते तर सोमवारच निघाला असता, 'होता' लिहिले असते तर शुक्रवार.

मात्र क्रियापदही नेहमी सोडवील असे नाही. "आजपासून चार दिवसांनी जो दिवस येईल, त्याच्या परवा गुरुवार असेल." येथे मागचा परवा धरला तर आजपासून दोन पावले पुढे आणि पुढचा धरला तर सहा. दोन्ही दिवस भविष्यातलेच, म्हणून 'असेल' दोहोंना लागू पडते. तात्पर्य, दोन अर्थ आजच्या दोन बाजूंना पडत असतील तरच क्रियापद निवाडा करते. एरवी कोडे घालणाराने 'येता' किंवा 'गेला' हे लिहिलेच पाहिजे.

दुसरी अडचण 'आठ दिवसांनी' या बोलण्याची. सोमवारी कोणी "आठ दिवसांनी या" म्हटले की आपण पुढल्या सोमवारी जातो. ते खरे सातच दिवस. बोलीत आजचा दिवसही मोजला जातो. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे तसेच चौदा. कोड्यात मात्र आठ म्हणजे आठ आणि उत्तर मंगळवार.

राहिला प्रश्न शून्य कोठे ठेवावयाचे, म्हणजे 'आज' कधी संपतो याचा. घड्याळाप्रमाणे मध्यरात्री. पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने रात्रपाळीबाबत असे ठरविले होते की, मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजावे आणि कामगाराचा पुढला दिवस पाळी सुटल्यावर सुरू व्हावा. म्हणून रात्री दोन वाजता तिसऱ्या पाळीत कोणी 'उद्या' म्हणाला, तर त्याचा आज कोणता हे आधी विचारावे. आमच्या निरोपाचा गोंधळ तेथूनच सुरू झाला होता.

शेवटी एक कोडे घरी नेण्यासाठी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या चळवळीनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तो निर्णय १० जून १८९० चा. त्या दिवशी मंगळवार होता. तर येत्या परवाच्या येत्या परवाच्या उद्या कोणता वार आला? पावले मोजून पाहा. पहिल्या सुट्टीचा वार आपोआप सापडेल.

आमच्या युनियनच्या फलकावर त्या प्रसंगापासून 'परवा' हा शब्द लिहीत नाहीत. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहितात. वार आणि तारीख जुळत नसतील तर वाचणारा लगेच विचारतो, आणि चूक सभेच्या आधीच सुधारते.